मक्याच्या दाण्यावरचा ठिपका

फिकट दाण्यांवर जांभळे ठिपके पडलेले मक्याचे कणीस हातात आले, तर पहिला संशय रोगाचा येतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत असे हजारो दाणे तपासले. त्यांना दिसले ते असे, की प्रत्येक ठिपका ही एका पेशीत एकदाच घडलेल्या घटनेची नोंद आहे.

दाण्याच्या सालीखाली पेशींचा एक पातळ थर असतो, जांभळा रंग त्यात तयार होतो. तो रंग घडवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा परका तुकडा घुसला, की जनुक मध्येच तुटते आणि दाणा बिनरंगाचा राहतो. पण दाणा भरत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा तिथून निसटतो. जनुक पुन्हा सांधले जाते आणि ती पेशी, तिच्या लेकी, नाती, पणत्या साऱ्या जांभळ्या निपजतात. तुकडा लवकर निसटला तर पुढे पिढ्या पुष्कळ, म्हणून डाग मोठा. दाणा जवळजवळ पुरा भरल्यावर निसटला तर डाग टाचणीच्या टोकाएवढा. ठिपक्याच्या आकारावरून घटनेची वेळ कळते.

या तुकड्याला मॅक्लिंटॉक यांनी ‘डिसोसिएशन’ म्हणजे विलगीकरण असे नाव दिले होते, कारण त्यांना तो प्रथम भेटला तो नवव्या गुणसूत्रावरची मोडण्याची जागा म्हणून. हा ‘डीएस’ एकटा काहीच करत नाही, हे त्यांना लवकरच कळले. त्याच पेशीत दुसरा एक घटक असला तरच तो हलतो. त्या घटकाला त्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ म्हणू लागल्या, थोडक्यात ‘एसी’. एसी गुणसूत्रांवर कुठेही असला तरी चालतो. तो नसला, तर डीएस बसलेला दाणा अखेरपर्यंत कोरा राहतो.

यातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग पुढचा आहे. दाण्याच्या त्या रंगीत थरात जनुकांचे तीन संच असतात, दोन आईकडचे आणि एक बापाकडचा. एसी फक्त परागकणातून आला तर त्याची एकच प्रत मिळते. फक्त मादीकडून आला तर दोन, दोघांकडून आला तर तीन. एसी जास्त असला म्हणजे उड्या लवकर पडतील आणि डाग मोठे होतील, असे आपल्याला वाटेल. घडते उलटे. एका प्रतीला मोठे डाग, दोन प्रतींना लहान आणि तीन प्रतींना अगदी बारीक शिंतोडे पडतात, कारण एसी जितका जास्त तितकी उडी उशिरा पडते. डीएनएची रचना अजून ठाऊक नव्हती, तेव्हा नियोजित परागीभवन करून, दाणे मोजून आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहून त्यांनी हे उलगडले.

१९५० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, १९५१ मध्ये त्यांनी परिषदेत हे सारे मांडले. जनुके माळेतल्या मण्यांसारखी आपापल्या जागी पक्की असतात असे मानण्याचा तो काळ होता, आणि ऐकणाऱ्यांना त्यांचे म्हणणे पचले नाही. नोबेल मिळाले १९८३ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी.

त्या सुमाराला एसीचा रेणूही हाती आला. त्याची लांबी सुमारे साडेचार हजार अक्षरे. त्याच्या पोटात ट्रान्सपोझेज नावाचे एन्झाइम बनवण्याची कृती आहे आणि दोन्ही टोकांना अकरा-अकरा अक्षरांची जवळजवळ एकसारखी खूण आहे, एका टोकाला सुलट आणि दुसऱ्याला उलट. ट्रान्सपोझेज ही टोके आणि त्यांच्या लगतचा भाग ओळखते, तिथे डीएनए कापते आणि सुटलेला तुकडा दुसरीकडे नेऊन बसवते. मध्ये काय आहे, हे ते पाहत नाही. अनेक डीएस म्हणजे पोट फाटलेले एसीच आहेत. त्यांचे स्वतःचे एन्झाइम हरवले, टोके मात्र शाबूत राहिली. म्हणून शेजारच्या एसीने बनवलेल्या एन्झाइमवर त्यांचा प्रवास चालतो.

नव्या जागी बसवताना डीएनएचे दोन्ही धागे समोरासमोर कापले जात नाहीत. एकावरचा काप दुसऱ्यापासून आठ अक्षरे सरकलेला असतो. तुकडा मध्ये बसला की उरलेल्या फटी पेशी भरून काढते, आणि तीच आठ अक्षरे तुकड्याच्या दोन्ही बाजूंना दोनदा दिसू लागतात. तुकडा पुढे निघून गेला तरी या दुहेरी अक्षरांपैकी काही बहुधा मागे राहतात. ती तीनच्या पटीत असली तर जनुकाचे वाचन पुन्हा रुळावर येऊ शकते. नसली तर तुकडा जाऊनही जनुक बिघडलेलेच राहते.

या खुणा वाचता येऊ लागल्या तसा मेंडेलचा वाटाणाही उलगडला. त्याने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मोजले आहेत. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी सुरकुतलेल्या जातीचे जनुक उघडले, तेव्हा त्यात सुमारे आठशे अक्षरांचा तुकडा अडकलेला सापडला. तो मक्यातल्या एसी-डीएसच्या घराण्यातला होता. हे जनुक पिष्टाच्या साखळीला फांद्या फोडणारे एन्झाइम बनवते. ते बिघडले की पिष्ट कमी बनते, साखर साठते, साखरेबरोबर हिरव्या दाण्यात पाणी जास्त शिरते आणि वाळताना साल सैल पडून सुरकुतते. मक्यात ठिपके दिसतात ते तुकडा निसटतो म्हणून. वाटाण्यात तो जागेवर टिकून राहिला, म्हणून मेंडेलला तीनास एक हे स्वच्छ प्रमाण मिळाले.

एन्झाइम फक्त टोके पाहते, याचा सर्वांत गंभीर परिणाम जीवाणूंत दिसतो. जीवाणूंतले साधे उडते तुकडे १९६० च्या दशकाच्या अखेरीस ई. कोलायमध्ये सापडले. त्यांच्यात टोके आणि ट्रान्सपोझेज, एवढेच असते. पण असे दोन सारखे तुकडे एखाद्या जनुकाच्या दोन बाजूंना येऊन बसले, तर एन्झाइम कधी अगदी बाहेरची दोन टोके धरते आणि मधले जनुक धरून सगळाच पट्टा उचलते. टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जनुक वाहणारा ‘टीएन१०’ असाच आहे. त्याच्या एका बाजूचा तुकडा नीट काम करतो, दुसऱ्याचे एन्झाइम बिघडलेले आहे, पण टोक शाबूत असल्याने तेवढे पुरते.

अशी उडी क्वचितच पडते, आणि ती पडण्याची वेळ ठरलेली असते. डीएनएची नक्कल होताच नव्या धाग्यावर मिथिलच्या खुणा लागायच्या असतात, तेवढ्या क्षणभरात टीएन१० चे ट्रान्सपोझेज जागे होते. उडीनंतर मागे तुटलेला डीएनए उरतो. पण त्या वेळी पेशीत दुसरी प्रत तयार असते, म्हणून जीवाणू मरत नाही. पट्टा गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर गेला, की पुढचे काम प्लाझ्मिड करतो. तो एका जीवाणूतून दुसऱ्यात जातो, वेगळ्या जातीच्या जीवाणूतही.

एनडीएम-१ हे जनुक या वाटेने पसरले. ते कार्बापेनेम गटातली, शेवटच्या फळीची समजली जाणारी प्रतिजैविके फोडणारे एन्झाइम बनवते. दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएलामध्ये ते प्रथम ओळखले गेले आणि २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जीवाणूत हे जनुक ‘आयएसएबीए१२५’ नावाच्या दोन उडत्या तुकड्यांच्या मध्ये, पुऱ्या पट्ट्याच्या रूपात सापडते. ई. कोलाय आणि क्लेब्सिएलामध्ये मात्र पट्टा बहुधा मोडलेला असतो. मागचा तुकडा नाहीसा झालेला असतो आणि पुढच्याचे थोडेसे टोक जनुकासमोर उरलेले असते. त्या टोकातच जनुक चालू करणाऱ्या कळीचा एक भाग आहे, म्हणून बाकी सारे गळून गेले तरी तेवढा अवशेष टिकून राहतो. रुग्णालयात वेगळ्या केलेल्या जीवाणूचा डीएनए वाचताना एनडीएमच्या जनुकासमोर ती ओळखीची अक्षरे आली, की ते जनुक कोणत्या पट्ट्यातून आले, हे तिथेच लिहिलेले सापडते.