ओट्यावरची खिडकी

बंगल्याचं बांधकाम खिडकीच्या सिलपर्यंत आलं होतं. घरमालकीण म्हणाल्या, "ओटा पावणेतीन फुटांचा, त्यावर नळ. खिडकी जरा वर घ्या, नाहीतर नळ मध्ये येईल." मागणी रास्त होती. मी सिल ९०० मिलिमीटरवरून १०५० वर नेली आणि प्लॅनवर तशी टीप लिहिली. चूक तिथेच झाली.

प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण १२०० मिलिमीटरवर आडवं कापून वरून पाहिलेलं चित्र. त्यात खिडकीची जागा आणि रुंदी कळते, उंची कळत नाही. उंची दिसते एलिव्हेशनमध्ये. दोन्ही जोडतो तो दारं-खिडक्यांचा तक्ता, म्हणजे शेड्यूल: खूण, माप, सिलची उंची, साहित्य, नग.

माझ्या तक्त्यात डब्ल्यू-२ ही खिडकी १२०० बाय १२०० होती. सिल ९०० धरली की वरची कड २१०० वर येते, आणि तिथेच लिंटेल सुरू होतं. सिल १०५० केल्यावर कड २२५० वर जाणार, म्हणजे दीडशे मिलिमीटर लिंटेलच्या काँक्रीटमध्ये. खिडकीची उंचीही १०५० करायला हवी होती.

मग तक्त्यात डब्ल्यू-२ चं माप बदलून टाकायचं? नाही. खूण एका खिडकीची नसते, प्रकाराची असते. डब्ल्यू-२ स्वयंपाकघरात एक आणि झोपण्याच्या खोल्यांत दोन होत्या. माप बदललं असतं तर त्या दोन्हीही आखूड झाल्या असत्या. म्हणून नवी खूण काढली, डब्ल्यू-४. प्लॅनवर फक्त ओट्यापाशी ती लिहिली, तक्त्यात डब्ल्यू-२ चे नग तीनाचे दोन केले आणि एलिव्हेशनमध्ये त्या खिडकीची खालची कड दीडशेनं वर घेतली. वरची कड बाकीच्या खिडक्यांच्या रेषेतच राहिली.

तेव्हापासून नकाशे साइटवर जाण्याआधी मी छापील प्लॅनवर पेन्सिलीनं प्रत्येक खूण टिपतो आणि मोजणी तक्त्याशी लावतो. मग बाहेरच्या भिंतीतल्या खिडक्या एलिव्हेशनवर पुन्हा मोजतो. आतली दारं तिथे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी प्लॅन आणि सेक्शनच. जिन्याच्या मधल्या टप्प्यावरची खिडकी नेहमी फसवते: ती तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या अशा दोन्ही प्लॅनवर काढली जाते, आणि एकीच्या दोन खिडक्या मागवल्या जातात.

तक्त्याच्या डोक्यावर आणखी एक ओळ लागते: सगळ्या उंच्या तयार फरशीपासून. भिंत चढते तेव्हा फरशी बसलेली नसते. गवंड्यानं स्लॅबपासून ९०० मोजलं आणि फरशी तिच्या मसाल्यासकट पन्नास मिलिमीटरची झाली, तर सिल ८५० वर येते, आणि २१०० ची दारं २०५० ची होतात.