घरमालकाचं बिल, भाडेकरूचं नाव

लातूरहून पुण्यात नोकरीला आलेला एक तरुण हडपसरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जातो. बँकेला सध्याच्या पत्त्याचा पुरावा हवा आहे. खोलीचं वीजबिल घरमालकाच्या नावाचं. "काका, एवढं नाव बदलून द्या ना," तो म्हणतो. दुकानदार नकार देतो आणि ते योग्यच आहे.

महावितरणच्या बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक संकेतस्थळावर टाकला की खरं बिल समोर येतं. कागदावर एक नाव आणि तिथे दुसरं, हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं. शिवाय असा कागद तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 प्रमाणे गुन्हा आहे आणि तो खरा म्हणून वापरणं कलम 340 प्रमाणे. त्यामुळे तयार करून देणारा आणि बँकेत नेऊन देणारा, दोघंही अडकतात.

मला वाईट वाटतं ते याचं, की या मुलाला खोट्या कागदाची गरजच नसते. आधार ई-केवायसीने खातं उघडताना आधारवर लातूरचा पत्ता असला, तरी 'सध्या इथे राहतो' असं स्वतःच्या सहीचं घोषणापत्र नियमांना चालतं. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं.

पुण्याचा पत्ता आधारवरच हवा असेल, तर भाडेकराराकडे वळावं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नुसता स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीकृत करारात आपलं नाव असेल, तर त्यावर आधारचा पत्ता बदलता येतो आणि तेच आधार मग बँकेला द्यायचं. करार थेट बँकेत नेला, तर अनेकदा परत येतो. रिझर्व्ह बँकेच्या यादीत भाडेकरार आहे, पण तो सरकारी खातं, बँक किंवा शेअर बाजारात नोंदलेली कंपनी अशा नोकरीदात्याने राहायच्या जागेसाठी केलेला. त्याच यादीत दोन महिन्यांच्या आतलं वीज, पाणी, पाइप गॅस किंवा पोस्टपेड मोबाइलचं बिल आहे. म्हणजे मोबाइलचं पोस्टपेड बिल स्वतःच्या नावावर या पत्त्यावर येत असेल, तर तेही चालतं. मात्र अशा कागदावर खातं उघडलं, की नव्या पत्त्याचं आधार, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असं मुख्य कागदपत्र तीन महिन्यांत द्यावं लागतं.

खरी अडचण होते ती करार खोलीतल्या दुसऱ्याच मुलाच्या नावावर असतो तेव्हा. अशा वेळी आधार प्राधिकरणाच्या ठराविक नमुन्यात फोटो चिकटवून तहसीलदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र घेता येतं. ते तीन महिनेच चालतं, म्हणून सही मिळताच आधार केंद्र गाठावं. आणि पुढच्या करारात सगळ्या राहणाऱ्यांची नावं घालायला घरमालकाला आधीच सांगावं.