कोरियन बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं तर

पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा आणि तळेगावला ह्युंदाईचा कारखाना आहे. दोन्ही कंपन्या कोरियाच्या. समजा, आपल्या नाशिककडची एखादी लेक तिथं नोकरीला आहे आणि तिच्या कोरियन साहेबांनी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला बोलावलंय. मग उत्तर काय द्यायचं?

आधी हा समारंभ समजून घेऊ. त्याला 'दोलजान्ची' म्हणतात. 'दोल' म्हणजे बाळाचं पहिलं वर्ष पूर्ण होणं आणि 'जान्ची' म्हणजे मेजवानी. पूर्वी तिकडे कितीतरी तान्ही मुलं वर्षाच्या आतच दगावत. वर्ष पार पडलं की जीव वाचला म्हणून आनंद करायचा, तिथून ही रीत आली. म्हणून शुभेच्छेत आरोग्य आणि दीर्घायुष्य आधी येतं.

त्या दिवशी बाळापुढे दोऱ्याची गुंडी, पेन्सिल, पैसे, तांदूळ अशा वस्तू मांडतात. बाळ दोरा उचलेल तर दीर्घायुषी, पेन्सिल उचलेल तर विद्वान, असं मानतात. आपल्याकडेही काही घरांत उष्टावणाच्या वेळी बाळापुढे पुस्तक, पैसे ठेवून बघतात ना, तसंच. त्यामुळे "मुलगा डॉक्टर होवो" असं आधीच लिहू नका. ती गंमत बाळावर सोडा.

उत्तरात तीन गोष्टी हव्यात. पहिली, आपण येणार की नाही, आणि येणार तर किती जण. "बघू, जमलं तर येऊ" असं मोघम नको, कारण जेवणाची ताटं आधी सांगावी लागतात. दुसरी, अभिनंदन आईबापांचं, कारण वर्षभर रात्री जागवल्या त्यांनी. तिसरी, बाळाला आशीर्वाद. हाताने लिहिणार असाल तर नाव लाल शाईने लिहू नका. तिकडे ते अशुभ मानतात.

आपली लेक असं लिहू शकते:

"साहेब आणि मॅडम, आमंत्रणाबद्दल आभार. बाळाचं पहिलं वर्ष पूर्ण झालं, तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. मी आणि माझी आई, दोघी रविवारी नक्की येऊ. बाळ निरोगी राहो, उदंड आयुष्य लाभो. चुखाहाम्निदा!"

शेवटचा शब्द कोरियन आहे, अर्थ 'अभिनंदन'. एवढा एक शब्द त्यांच्या भाषेत आला की यजमानांना बरं वाटतं. जाणं शक्य नसेल, तर तेही साफ सांगावं: "त्या दिवशी घरी लग्न आहे, येता येणार नाही, पण बाळाला आशीर्वाद पाठवते."

आहेराचं म्हणाल तर जवळचे नातेवाईक सोन्याची छोटी अंगठी देतात, बाकीचे पाकिटात पैसे. आपण एक रुपया वर ठेवून एकशे एक, पाचशे एक करतो. तिकडे पाकीट पांढरं चालतं, पण चारचा आकडा टाळतात, कारण त्यांच्या भाषेत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार एकच आहे. आणि त्यांनी तांदळाच्या वड्या घरी पाठवल्या, तर ताट रिकामं परत करू नका. ही रीत मात्र कोरियात आणि आपल्याकडे अगदी सारखी आहे.