कँटीनचा खर्च कुणाच्या माथी?

कारखान्यातली कँटीन एकही सुटा भाग बनवत नाही. पण तिचा किराणा, गॅस आणि आचाऱ्याचा पगार शेवटी मालाच्या किमतीतूनच वसूल व्हायचा असतो. म्हणून महिनाअखेरीला ईआरपी हा खर्च उत्पादन विभागांवर टाकते. सॅपमध्ये या वाटणीला असेसमेंट म्हणतात आणि ती `KSU5` या कोडने चालवतात.

समजा, एका कारखान्यात कँटीनचा महिन्याचा खर्च 2,40,000 रुपये आहे आणि मेंटेनन्सचा 3,00,000. मशीन शॉपमध्ये 60 माणसं, असेंब्लीत 40, मेंटेनन्समध्ये 20. जेवतात माणसं, तेव्हा कँटीनचा खर्च डोक्यांवर वाटायचा. 120 माणसं, म्हणजे माणशी 2,000. मशीन शॉपवर 1,20,000 पडले, असेंब्लीवर 80,000 आणि मेंटेनन्सवर 40,000.

आता मेंटेनन्सचा खर्च 3,40,000 झाला. तो वाटायचा दुरुस्तीच्या तासांवर. मशीन शॉपसाठी 300 तास, असेंब्लीसाठी 100, म्हणजे तासाला 850 रुपये. मशीन शॉपवर 2,55,000 आणि असेंब्लीवर 85,000. एकूण मशीन शॉपकडे 3,75,000, असेंब्लीकडे 1,65,000. बेरीज 5,40,000, पैसा न् पैसा जुळला.

हाच क्रम उलटा करून पाहा. मेंटेनन्स आधी वाटलं, तर नंतर कँटीनकडून आलेले 40,000 तिथेच पडून राहतात आणि मालाच्या खर्चात येतच नाहीत. ही चूक मात्र सापडते, कारण महिना बंद करताना मेंटेनन्सच्या कॉस्ट सेंटरची शिल्लक शून्य दिसत नाही. मेंटेनन्सवाले कँटीनचे ओव्हनही दुरुस्त करत असतील, तर कोणताच क्रम पुरत नाही. तेव्हा सायकलमध्ये इटरेटिव्हची खूण करावी लागते. मग सॅप दोघांमधली देवाणघेवाण पुन्हा पुन्हा मोजून दोन्ही शिलकी शून्यावर आणते.

माझ्या मते खरी धास्ती बाळगावी ती शिल्लक शून्य असतानाच्या चुकीची. माणसांची संख्या सॅपमध्ये `KB31N` मधून भरतात. ती बहुधा 'फिक्स्ड' प्रकारची असते, म्हणजे एकदा भरली की वर्षअखेरीपर्यंत पुढच्या महिन्यांनाही तीच लागू राहते. समजा, जुलैत मशीन शॉपची 20 माणसं असेंब्लीत गेली आणि आकडा कुणी बदललाच नाही. कँटीनचा खर्च तेवढाच असला, तर असेंब्लीवर 1,20,000 यायला हवेत, पण येतात 80,000. उरलेले 40,000 मशीन शॉप भरतं. शिवाय मेंटेनन्सप्रमाणे इथे काहीच अडकत नाही. सायकल हिरव्या खुणेनं संपते आणि शिल्लक शून्य दिसते.

म्हणून `KSU5` आधी टेस्ट रनवर चालवावं आणि सॅपने धरलेली माणसं त्या महिन्याच्या हजेरीपत्रकाशी ताडून पाहावीत. हजेरीपत्रक पगार विभागाकडे असतं आणि सायकल कॉस्टिंगवाले चालवतात. त्यामुळे बदली झाल्याची खबर या टेबलावर वेळेत पोचेलच, असं नाही.