आठवा चंद्र आणि वर्षभराची वही

"आज आठवा चंद्र आहे, व्यवहाराचं उद्यावर ढकला." हा सल्ला आपल्याकडे अनेक घरांत आजही दिला जातो. त्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात, पडताळून पाहणारे फारसे भेटत नाहीत. आणि गंमत अशी, की गोचराच्या नियमांपैकी हाच नियम सामान्य माणसाला एका वर्षात, एका वहीच्या आधारे तपासता येतो. शनी एका राशीत अडीच वर्षं मुक्काम करतो, त्यामुळे साडेसाती सुमारे तीस वर्षांतून एकदा येते. गुरू साधारण वर्षभर एकाच राशीत असतो. रवी प्रत्येक राशीत वर्षातून एकदाच येतो. जे एकदाच घडलं ते ग्रहामुळे घडलं की एरवीही घडलंच असतं, हे ठरवायला काही मार्ग उरत नाही. चंद्र मात्र सुमारे २७.३ दिवसांत बारा राशी ओलांडतो. म्हणजे वर्षभरात तुमच्या आठव्या स्थानी तो तेरा वेळा येऊन जातो.

नियम सोपा आहे. जन्मराशीपासून मोजायला लागायचं. वृश्चिक राशीच्या माणसाला मिथुनेतला चंद्र आठवा, कुंभेतला चौथा आणि तुळेतला बारावा. ही तीन स्थानं अनिष्ट मानतात, त्यातही आठवं सर्वांत वाईट.

वहीचं पहिलं पान सर्वांत महत्त्वाचं. वाईट घटना म्हणजे काय, हे तिथे वर्ष सुरू होण्याआधी लिहून ठेवायचं. 'दिवस बरा गेला नाही' असल्या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. पाचशे रुपयांहून जास्त अनपेक्षित नुकसान, डॉक्टरकडे जावं लागलेलं दुखणं, आवाज चढलेलं भांडण, ठरलेला प्रवास किंवा व्यवहार मोडणं, अशा ठसठशीत गोष्टी घ्याव्यात. ताप चार दिवस राहिला तर ती एकच घटना, आणि तिची तारीख ताप चढला त्या दिवशीची. नोंदीत वेळही हवी, कारण चंद्राची रास दुपारी किंवा मध्यरात्रीही बदलते. 'मंगळवार, सकाळी साडेदहा, गाडीचा क्लच गेला, खर्च अडीच हजार' एवढं पुरे. ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवशी 'काही नाही' असं लिहायलाच हवं. नाहीतर कोरी जागा निवांत दिवसाची की कंटाळ्याची, हे पुढे कळत नाही.

दुसरी अट पाळायला अवघड आहे. वही लिहिणाऱ्याला आज चंद्र कोणत्या राशीत आहे हे माहीत असता कामा नये. आठवा चंद्र आहे हे सकाळीच कळलं, की माणूस धास्तावतो, एरवी विसरला असता ती कुरबुर रात्री वहीत उतरवतो. उलटही होतं: व्यवहार टाळतो, प्रवास टाळतो आणि मग बिघडायला काही उरतच नाही. म्हणून वर्षभर पंचांग आणि वर्तमानपत्रातलं राशिभविष्य दोन्ही बंद. चंद्ररास छापलेली दिनदर्शिका असेल तर तीही नजरेआड ठेवावी.

हीच काळजी महाराष्ट्रात झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत घेतली होती. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या. कुंडली हुशार मुलाची की बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची, एवढंच सांगायचं होतं. कोणती कुंडली कोणाची हे सांगणाऱ्यांपासून गुप्त होतं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून ती पन्नासच्या आसपास आलीच असती. ती परीक्षा जन्मकुंडलीची होती, गोचराची नव्हे. पण उत्तर माहीत असलेल्याने परीक्षा देऊ नये, हे तत्त्व वहीलाही लागू आहे.

वर्ष संपलं की पंचांग उघडायचं. कोणतं, हे मात्र पहिल्या पानावर ठरलेलं असावं. दाते पंचांग चित्रापक्षाचं आहे, टिळक पंचांग रेवतीपक्षाचं. दोघांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. चंद्राला तेवढं अंतर कापायला सातेक तास लागतात, म्हणून टिळक पंचांगात तो प्रत्येक राशीत तेवढा आधी शिरतो. कधीकधी त्यापायी जन्मराशीच बदलते. निकाल पाहून पंचांग निवडलं, तर वर्षाचे कष्ट पाण्यात गेले असं समजावं.

आता समजा, वृश्चिक राशीच्या एका माणसाच्या वहीत वर्षाअखेर ४८ वाईट घटना आहेत. चंद्राचा काहीच संबंध नसेल तर प्रत्येक राशीच्या वाट्याला सरासरी चार याव्यात. (काटेकोरपणे पाहिलं तर चंद्राची गती कमीजास्त होते. एका राशीत तो दोन दिवस राहतो, दुसरीत अडीच. म्हणून प्रत्येक राशीचे वर्षभराचे तास पंचांगावरून मोजून वाटा काढलेला बरा.) त्याच्या वहीत मिथुनेच्या वेळी सात घटना निघाल्या. जवळजवळ दुप्पट! इथे बहुतेकांचं मोजणं थांबतं आणि नियम खरा ठरतो.

पण थांबू नये. त्याच घटना बाराही राशींत वाटून पाहाव्यात. कदाचित मिथुनेत सात, मकरेत आठ आणि कुंभेत अवघ्या दोन निघतील. अनिष्ट म्हटलेली कुंभ रास वर्षात सर्वांत शांत, आणि ज्या मकरेतला तिसरा चंद्र शास्त्र शुभ मानतं तिथे सर्वांत जास्त कटकटी. चाराच्या सरासरीभोवती बारा ढीग पडले, की एखाद्या ढिगात सात-आठ येणं अगदी स्वाभाविक आहे. आधीच नेमून ठेवलेल्या राशीत सात किंवा जास्त येणंही निव्वळ योगायोगाने दहा माणसांत साधारण एकाच्या बाबतीत घडतंच. मला या पद्धतीतली ही बारा ढिगांची मोजणी सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. उरलेल्या अकरा राशींच्या लोकांनी हीच वही आपली म्हणून वाचली असती, तर त्यांनाही इतकाच पुरावा मिळाला असता का, एवढाच प्रश्न ती विचारते.

आठवड्याचा घोळ फारसा आड येत नाही. सोमवारी ऑफिसात हमखास वादावादी होत असली, तरी चंद्राची फेरी चार आठवड्यांहून सुमारे सोळा तासांनी लहान असल्यामुळे आठवा चंद्र दर फेरीत मागे सरकतो आणि दहा-अकरा फेऱ्यांत सगळे वार फिरून येतो. मासिक पाळीचं तसं नाही. तिचा काळ बहुधा चंद्राच्या फेरीच्या जवळपास असतो, त्यामुळे पाळीपूर्वीची चिडचिड किंवा दुखणं कित्येक महिने एकाच भागातल्या राशींवर पडू शकतं. बाईने वही लिहिताना पाळीच्या तारखा नोंदवून ठेवल्या, तर हे वेगळं काढता येतं.

निकाल विरुद्ध गेला की जाणकार वेधाकडे बोट दाखवतात. वेधाच्या नियमानुसार तिसऱ्या चंद्राचं शुभफळ नवव्या स्थानी ग्रह असेल तर अडतं, सहाव्याचं बाराव्यातल्या ग्रहाने. त्याशिवाय महादशा आणि अष्टकवर्ग आहेतच. या आक्षेपाला मी पळवाट म्हणणार नाही, शास्त्रात तो नियम खरोखर आहे. मात्र सरलेल्या वर्षाच्या नोंदींवर तो मागाहून लावला, तर कोणत्याही ढिगाचं स्पष्टीकरण देता येईल. म्हणून ज्योतिषाला कागद द्यावा, वेधासकट अनिष्ट ठरणाऱ्या पुढच्या वर्षाच्या तारखा आणि वेळा त्यावर लिहून घ्याव्यात, न वाचता पाकिटात बंद करून शेजाऱ्याकडे ठेवाव्यात आणि नव्या वहीला सुरुवात करावी.