मेसेजमधला टोमणा पाठवण्याआधी कसा ओळखायचा?

ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा म्हणून लिहिलेला हा मेसेज पाहा : ‘अमित, मी सोमवारीच सांगितलं होतं. विक्रीचे आकडे अजून आलेले नाहीत. असो. तुला वेळ मिळेल तेव्हा पाठव.’

यात एकही वावगा शब्द नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण फक्त आठवण केली. अमितला मात्र टोमणा ऐकू येतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

लिहिताना आपला आवाज आपल्या डोक्यात वाजत असतो, समोरच्याला फक्त अक्षरं दिसतात. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांनी गंभीर आणि उपरोधिक वाक्यं इमेलने पाठवली. आपला सूर बहुतेक वेळा ओळखला जाईल, अशी त्यांना खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्यापेक्षा फारसे बरे नव्हते. पाठवणाऱ्यांना आपलंच वाक्य उलट्या सुरात मोठ्याने वाचायला लावल्यावर हा फाजील आत्मविश्वास कमी झाला.

हीच कसोटी घरच्या घरी लावता येते. मसुदा वैतागलेल्या आवाजात मोठ्याने वाचा. जे वाक्य त्या आवाजात अगदी चपखल बसतं, तिथे गडबड आहे. वरच्या मेसेजमध्ये ‘सोमवारीच’मधला ‘च’ आरोप करतो. ‘असो’ तक्रार संपवत नाही, ती गिळल्याचं दाखवतो. आणि ‘वेळ मिळेल तेव्हा’ तर खरंच नाही, कारण आकडे आजच हवे आहेत. मला हे तिसरं सगळ्यात घातक वाटतं : अमितने ते सरळ अर्थाने घेतलं आणि उद्या पाठवलं, तर राग आणखी वाढणार. शिवाय हे सगळं दहा जणांसमोर.

दुरुस्ती करताना ‘प्लीज’ किंवा हसरा चेहरा चिकटवून भागत नाही. टोमण्यापुढचा हसरा चेहरा जास्तच बोचतो. दडवलेली मागणी उघड करायची, आणि अमितला एकट्याला लिहायचं : ‘अमित, आज सहा वाजता क्लायंटला रिपोर्ट द्यायचाय. विक्रीचे आकडे चारपर्यंत मिळतील का? कुठे अडलं असेल तर सांग, तोपर्यंत मी बाकीची पानं लावून घेतो.’ सोमवार गेला, वेळ आली, कारण आलं आणि अडचण सांगायला जागा मिळाली. वैतागलेल्या आवाजात वाचलं तरी यात बोचणारं फारसं काही सापडत नाही.

पण उशीर तिसऱ्यांदा झाला असेल, तर मेसेज मऊ करत बसू नका. फोन करा किंवा समोर बसून स्पष्ट सांगा, ‘या उशिरामुळे माझं काम अडतंय.’ खरी तक्रार मेसेजमध्ये गुंडाळून पाठवू नका.