आकाशातही असतात एकेरी रस्ते

विमानाने धावपट्टी सोडली, चाके पोटात गेली, खालची घरे काडेपेट्यांएवढी झाली. आणि चढता चढता विमान मध्येच सपाट उडू लागते. इंजिनांचा आवाजही उतरतो. समोर आकाश मोकळे आहे, ढग नाहीत, मग हे थांबले कशाला? नवखा प्रवासी अशा वेळी मनातून चरकतो आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो.

इंजिनात काहीही बिघडलेले नसते. पुष्कळदा त्या वेळी आपल्या विमानाच्या वरून, हजार-दोन हजार फुटांवरून, उतरायला आलेली दुसरी विमाने जात असतात आणि ती वाट ओलांडेपर्यंत आपल्याला खालीच राहायचे असते. हे वैमानिकाने ऐनवेळी ठरवलेले नसते. गर्दीच्या प्रत्येक विमानतळासाठी निघण्याच्या आणि येण्याच्या वाटा आधीच आखून, तपासून, नकाशावर छापलेल्या असतात. निघण्याच्या वाटेला ‘स्टँडर्ड इन्स्ट्रुमेंट डिपार्चर’ म्हणजे बोलीभाषेत ‘सिड’ म्हणतात. येण्याची वाट म्हणजे ‘स्टार’.

या वाटा वेगळ्या का हव्यात, हे आपल्या देशाला फार मोठी किंमत देऊन कळले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे जंबो जेट दिल्लीहून धाहरानकडे निघाले. त्याच वेळी कझाकस्तानचे एक इल्युशिन विमान दिल्लीकडे उतरत होते. त्या काळी दिल्लीच्या पश्चिमेला नागरी विमानांना जाण्यायेण्यासाठी एकच मार्ग होता, कारण आजूबाजूचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखीव होते. एकाच मार्गावर समोरासमोर येणारी विमाने वेगळी ठेवायची, तर फक्त उंचीचा आधार. नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढायला सांगितले आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले. मध्ये हजार फुटांचे अंतर. नियमाप्रमाणे ते पुरेसे होते.

कझाक विमानातून १५ हजार फूट गाठल्याचा निरोप आला. समोरून विमान येत आहे, ते १४ हजारांवर आहे, हेही नियंत्रकाने कळवले. पण कझाक विमान १५ हजारांवर थांबलेच नव्हते, ते खाली सरकत राहिले. दिल्लीचा तेव्हाचा रडार विमान कुठे आहे ते दाखवी, किती उंचीवर आहे ते दाखवत नसे. उंची सांगणारी नवी यंत्रणा यायची होती. म्हणजे वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानायची. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे, त्यात इंग्रजी कच्चे. समोरासमोरची दोन जेट विमाने एकमेकांकडे ताशी हजार किलोमीटरने झेपावत असतील तर मिनिटाला सोळा किलोमीटर अंतर संपते. चूक लक्षात आली तेव्हा हातात क्षण उरले होते. हरियानातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमाने कोसळली. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत मुख्य दोष ठरला तो दिलेली उंची सोडून खाली आलेल्या कझाक विमानाचा. पण दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्गच वेगळे झाले, ही त्यानंतरची महत्त्वाची सुधारणा. माझ्या मते खरा धडा इथे आहे. हजार फुटांची चूक माणसाकडून होणार, उद्याही होईल. दोन वाटा एकमेकींपासून काही किलोमीटर दूर असतील, तर तीच चूक एका तंबीवर भागते.

पण वाटा नुसत्या वेगळ्या करून संपत नाही, त्या कुठेतरी एकमेकींना छेदतातच. का ते पाहा. विमाने उतरतात आणि उडतात ती वाऱ्याला सामोरे होऊन. वारा पश्चिमेचा असेल तर उडणारे विमान पश्चिमेला निघते आणि उतरणारे पूर्वेकडून येते. इथवर भांडण नाही. पण पश्चिमेला उडालेल्या विमानाला कोलकात्याला जायचे असेल, तर त्याला वळून उलटे यावे लागते. आणि पश्चिमेकडून आलेल्या विमानाला विमानतळाच्या बाजूने पूर्वेपर्यंत जाऊन, वळून, मग उतरावे लागते. इथे आखणाऱ्याची परीक्षा.

त्याच्या हाती एक सोपा हिशेब असतो. उतरणारे विमान किलोमीटरमागे साधारण १६० फूट खाली येते, म्हणजे दहा हजार फुटांवरून जमिनीवर यायला त्याला साठेक किलोमीटर लागतात. चढणारे विमान तीच उंची साधारण तीस किलोमीटरमध्ये गाठते. म्हणून धावपट्टीपासून चाळीस किलोमीटरवर या दोन वाटा छेदत असतील, तर तिथे निघालेले विमान दहा-बारा हजार फुटांवर पोहोचलेले असते आणि उतरणारे साडेसहा हजारांवर आलेले असते. निघणाऱ्याने वरून जावे. पण छेद अगदी जवळ, पंधरा किलोमीटरवर असेल, तर निघालेले विमान जेमतेम पाच हजारांवर असते आणि पश्चिमेकडून आलेल्याला अजून लांबचा वळसा घालायचा असल्याने तो सात हजारांवर असतो. तिथे निघणाऱ्याने खालून जावे. मग नकाशावर त्या बिंदूपाशी एकाला लिहितात ‘५००० किंवा खाली’ आणि दुसऱ्याला ‘७००० किंवा वर’. आपले विमान मध्येच सपाट उडते ते या ‘५००० किंवा खाली’मुळे.

हिशेबात मे महिनाही धरावा लागतो. तापलेली हवा विरळ असते, त्यात प्रवासी आणि इंधन भरलेले मोठे विमान जड पावलांनी चढते. म्हणून किती चढ साधलाच पाहिजे हे नकाशावर नोंदलेले असते. ज्याला तो साधणार नाही, त्याने उडण्यापूर्वीच तसे सांगायचे.

प्रत्येक वाटेला नाव असते. निघण्याची वाट जिथे संपते किंवा येण्याची वाट जिथे सुरू होते त्या ठिकाणाचे नाव, पुढे एक आकडा आणि एक अक्षर. आकडा आवृत्तीचा, वाट बदलली की तो बदलतो. अक्षराने एकाच ठिकाणी जाणाऱ्या निरनिराळ्या वाटा ओळखायच्या, धावपट्टी दुसरी की बहुधा अक्षरही दुसरे. नियंत्रकाने एवढे नाव उच्चारले की दहा सूचना एकदम दिल्यासारखे होते. वैमानिक ते नाव परत म्हणून दाखवतो आणि विमानाच्या संगणकात ती वाट निवडतो.

चूक शिरते ती इथेच. विमान धावपट्टीकडे निघाले असताना वारा फिरतो, धावपट्टी बदलते आणि संगणकात मात्र जुने अक्षर राहून जाते. विमान उडते आणि भलतीकडेच वळते. यासाठी दोन्ही वैमानिक पडद्यावरची वाट आणि छापील नकाशा बिंदूबिंदूने ताडून पाहतात. पहिले वळण डावीकडे की उजवीकडे, पहिली उंची किती, हे एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. तरीही निसटलेच तर नियंत्रकाला रडारवर दिसते आणि तो लगेच दिशा देतो.

पावसाळ्यात मात्र ही सारी आखणी मोडते. मुंबईवर काळा ढग वाटेतच उभा असला, तर कुठलाही वैमानिक त्यात शिरणार नाही. तो डावीकडे वळायची परवानगी मागतो, मागचाही मागतो. मग वाटांची नावे बाजूला पडतात आणि नियंत्रक एकेका विमानाला दिशा, उंची, वेग स्वतः सांगू लागतो. रेडिओवर शब्दांची झुंबड उडते, तेवढ्याच वेळात पूर्वीपेक्षा कमी विमाने उतरतात, बाकीची आकाशात घिरट्या घालत थांबतात. ढग सरला की नियंत्रक विमानाला वाटेवरच्या एखाद्या पुढच्या बिंदूचे नाव सांगतो आणि तिथून पुन्हा छापलेली वाट सुरू होते.